आवडाबाईचा फोटो आणि राहिलेलं नाव

आवडाबाई बुधाजी भोपीचं हे सगळं मी तिला विचारून लिहिते. तिची अट एकच: "लिव काय लिवायचं ते, पण फोटो मागू नको." मी मागितला नाही. मागून मिळालाही नसता, कारण तो आता कोणाकडेच नाही. बायांच्या ग्रुपवर पडलेला फोटो कोणाकडेच उरला नाही, ही आमच्या खारपट्टीत लहान गोष्ट नव्हे.

आवडाबाई वावेखारची धवलारीण. लग्नात भटजी असतो तो असतोच, पण आमच्यात धवलारणीनं धवला, म्हणजे देवांना बोलवायचं गाणं, लावल्याशिवाय हळद पुढं सरकत नाही. मांडवात तांदळाच्या राशी मांडायच्या, समोर बसायचं आणि देवांना एकेक करून नावानं बोलवायचं. गणपती ये, गावदेवी ये, दर्या ये, शेतातला ये, बांधावरचा ये, घरातले मेलेले म्हातारे या. प्रत्येकाला वेगळी हाक, वेगळी जागा, वेगळी सुपारी. "सगळे देव या" असं बोललं की कोणीच येत नाही. आणि एखादा नावानं बोलवायचा राहिला तर तो मांडवाच्या दारात रुसून बसतो नि लग्नभर काही ना काही मोडत राहतो. हे आवडाबाईला तिच्या सासूनं शिकवलं, मिठागरावर मीठ ओढता ओढता. सासू एक ओळ बोलायची, ही दुसरी. लिहिलेलं काही नाही. सगळं तोंडात.

आणि तोंडाचाच घोळ झाला.

साठीला टेकलेल्या आवडाबाईचे दात बघून पंचक्रोशीतल्या बाया थक्क व्हायच्या. एक दात पडलेला नाही, एक काळा नाही. "आवडाबाय, करतंस तरी काय गो?" कोणी विचारलं की ही मान ताठ करून बोलायची, "मिश्री. सकाळ-संध्याकाळ. तुमची ती पेस्ट टाका उकिरड्यावर." तिचं ऐकून दोघी-तिघींनी पेस्ट सोडलीसुद्धा.

खरी गोष्ट अशी की तिच्या तोंडात कवळी होती. मागल्या दिवाळीच्या आधी नवरा बुधाजी तिला गुपचूप अलिबागला घेऊन गेला होता. घरी बुधाजी आणि सून मृणाली, आणि बाहेर गोदू, एवढ्यांनाच माहीत. गोदू म्हणजे लहानपणापासूनची मैत्रीण. धवल्यात तिच्या उजव्या हाताला बसते आणि ओळ उचलते. इतक्या जवळ बसणाऱ्या बाईपासून कवळी लपत नाही, कारण गाताना कवळी खटखटते. म्हणून आवडाबाई धवला लावायच्या आधी पदर तोंडावर घेते, कवळी काढते, कनवटीला खोचते आणि मग गाते. पदराआडून नुसत्या हिरड्यांनी. शब्द मात्र काचेसारखा स्वच्छ. त्यासाठी ती घरामागच्या बांधावर कितीतरी महिने एकटीच घसा फोडत होती. लोकांना वाटायचं, पदर देवाच्या लाजेखातर.

हे बाहेर फुटलं तर काय होईल ते तिला पक्कं ठाऊक होतं. आजकाल डीजेवाल्यांकडे धवला भरलेलाच असतो. बटण दाबलं की झालं. "म्हातारीचे दात गेले, आता शब्द काय कळणार, लावा डीजेवरच" एवढं एका घरानं बोललं की पुढचं घर तेच बोलणार. तिच्या सासूनं दिलेलं सगळं एका बटणाखाली जाणार.

तर झालं असं. एका हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवामागे पिंपाजवळ ती कवळी धूत होती. गोदूनं नवा फोन घेतलेला. मुलानं दिला होता, आणि फोन आल्यापासून गोदू कोंबडीचाही फोटो काढत होती. ती मागून आली नि ओरडली, "आवडे, हिकडं बघ, नवरदेव पडला!" आवडाबाई वळली आणि तोंड फाडून हसली. फोटो निघाला. डोळे मिटलेले, नाक वर गेलेलं, गाल आत बसलेले आणि मधे तोंड म्हणजे चुलीचं भोक. हातात पाणी गळणारी कवळी.

गोदूनं तो फोटो "धवल्याच्या बाया" या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमची हिरोईन." आणि एसटीत बसून लेकीकडे माणगावला निघून गेली. तिथं पोचल्यावर फोन बंद. चार्जर घरीच राहिला होता.

हा ग्रुप हेमालीनं केलेला. हेमाली म्हणजे कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला जाणारी, धवला शिकणारी तरणी बाई. कोणत्या घरी हळद, कोणत्या रंगाची साडी, गाडी कुठून सुटणार, एवढ्यासाठीच तो ग्रुप. दुपारपर्यंत फोटोखाली हसण्याच्या तोंडांची रांग लागली. संध्याकाळी हेमालीनं त्या फोटोतलं नुसतं मुंडकं कापून स्टिकर केलं आणि टाकलं. कोणी काही बोललं की उत्तरादाखल आवडाबाईचं बोळकं.

आवडाबाईनं ते बघितलं आणि चूल तशीच सोडून ओट्यावर येऊन बसली.

"मृणाली, ये हिकडं. ह्यांना मी आथा दाखवते."

तिनं फोनवरचं माईकचं बटण दाबून धरलं आणि शिव्या द्यायला लागली. गोदूच्या नवऱ्यापासून सुरुवात केली, मग गोदूच्या माहेरी गेली. मधे श्वास घ्यायला थांबली नि बोट सुटलं. आवाज गेला.

"आई! पाठवलात?"

"मी कुठं पाठवला? तोच गेला."

मृणालीनं फोन ओढून घेतला, त्या आवाजावर बोट दाबून धरलं आणि सगळ्यांसाठी डिलीट केला. तेवढ्या वेळात कोणी ऐकला नसावा, कारण लगेच तिघींनी विचारलं, "काय गो डिलीट केलंस आवडाबाय?" मेसेज पुसला तरी पुसल्याची खूण ग्रुपवर राहते. त्यामुळे सगळ्यांना कळलं की काहीतरी होतं.

"तुमच्या शिव्या कोणी पुढं पाठवल्या असत्या ना आई, तर फोटो राहिला असता बाजूला आणि तुमचा आवाज फिरला असता गावभर," मृणाली बोलली. "आधी गोदूमावशीला एकटीला सांगायला पायजे. टाकला तिनं, तिनंच काढला तर बरं."

गोदूला फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

"मग तूच काढ ना. शिकलेली हायस."

"मला नाय काढता येत. ज्यानं टाकला त्यालाच काढता येतो, नायतर ॲडमिनला. ॲडमिन हेमाली."

हेमालीला फोन केला. ती पाळीवरून नुकतीच आलेली. आधी खो खो हसली. मग आवडाबाई पलीकडे हसत नाही हे लक्षात आलं तशी थांबली. "मावशी, मला वाटलं मज्जा चाललीय."

"मज्जा गोदूची चाललीय. माझी न्हाय. काढ."

हेमालीनं ग्रुपवरून फोटो काढला. स्टिकरही काढलं. आवडाबाईनं सुस्कारा टाकला, पण मृणाली मान हलवत होती. "ग्रुपवरून गेला. पण ज्यांनी बघितला त्यांच्या फोनात तो आपोआप उतरला असेल, गॅलरीत. कोणी स्टिकर ठेवून घेतलं असेल. कोणी बाहेर पाठवला असेल तर तो आपल्या हातात नाय. आता फक्त सांगता येतं."

"सांगायचं म्हणजे पाया पडायचं?"

"सांगायचं म्हणजे सांगायचं."

मग दोघी लिहायला बसल्या. मृणालीनं पहिला मजकूर केला: "सदर फोटो कृपया कोणीही अग्रेषित करू नये, ही नम्र विनंती."

"ही काय ग्रामपंचायतीची नोटीस हाय? घरपट्टी मागतंस काय?"

दुसरा केला, मऊ. मजेमजेत, हसरं तोंड घालून, "अगं बायांनो, तो फोटो नका हं पाठवू." आवडाबाई बोलली, "हे वाचून मीच पाठवीन. हसत सांगितलं की बाया हसण्यावारी नेतात."

तिसऱ्यात मृणालीनं कारण घातलं: फोटो अंधारातला आहे, नीट आला नाही. आवडाबाईनं तेही खोडलं. "अंधारातला कुठं? चांगला उन्हातला हाय. खोटं कनाला? मना नको एवढंच खरं. आणि दातांचं लिवू नको. ज्यांनी बघितलं त्यांना दिसलं, ज्यांनी न्हाय बघितलं त्यांना मी कनाला दाखवू?"

मिश्रीचं खोटं पंचक्रोशीभर चालवणारी बाई हे बोलत होती. मृणालीनं ओठ दाबून हसू गिळलं.

शेवटी आवडाबाईनंच मजकूर सांगितला आणि सांगताना ती धवलारीण झाली. "सगळ्यांना" हा शब्द तिनं घालू दिला नाही. "सगळ्यांना सांगितलं म्हणजे कोणालाच सांगितलं न्हाय. प्रत्येकीला वाटतं, ही दुसरीला बोलते. नावं घे. एकपण राहता कामा न्हाय."

मृणालीनं ग्रुपमधली माणसं उघडली नि एकेक नाव वाचत गेली. खाली एक नुसता नंबर होता. नावाच्या जागी गुलाबाचं फूल. "हा कोण, आई?"

"असेल हेमालीचाच दुसरा नंबर. तिला दोन फोन हायत. सोड. पुढं वाच."

मेसेज असा गेला:

"गोदू, हेमाली, सुचिता, बेबी, पारू, प्रणाली, जनीवहिनी, यमुनाबाय, मी आवडा बोलते. आज सकाळचा पिंपाजवळचा माझा फोटो ग्रुपवर आला, तो मना नको हाय. तो कोणी पुढं पाठवू नका, स्टेटसला लावू नका. फोनात उतरला असेल तर तिथूनपण काढा. मुंडक्याचं स्टिकर ज्यांनी ठेवलं असेल त्यांनी तेपण काढा. कोणाला पाठवला असेल तर मना सांगा, मी रागवणार न्हाय, मी त्यांच्याशी बोलेन. तोंड माझं हाय म्हणून सांगते. काढलात की 'काढला' एवढंच लिवा."

पाठवून ती फोनकडे टक लावून बसली. मेसेजखालच्या खुणा निळ्या होत होत्या. वाचत होत्या, लिहीत कोणी नव्हतं. मग यमुनाबायनं विचारलं, "कनचा फोटो? मी बघितलाच न्हाय." म्हणजे आवडाबाईनं सांगितल्यामुळेच ती शोधायला गेली, आणि तिच्या फोनात तो उतरलेला सापडलाही. थोड्या वेळानं तिचं पुन्हा आलं, "आथा बघितला. अग आई गं. काढला."

"बघ," मृणाली कपाळाला हात लावून बोलली, "एवढं होणारच होतं."

"होऊ दे. बघून काढला ना."

मग सुचिताचं आलं, काढला. पारूचं, प्रणालीचं, हेमालीचं आलं, काढला. बेबीनं लिहिलं, "आवडाबाय, चांगली दिसतंस की गो, ठेवू दे मला." आवडाबाईनं उत्तर स्वतः टाईप केलं, एका बोटानं, वेळ घेऊन: "तुला चांगली दिसते, मना न्हाय. काढ." बेबीनं लिहिलं, काढला. जनीवहिनीनं कबूल केलं की बहिणीला पाठवला होता. तिनं बहिणीला फोन करून तिच्याकडूनही काढवून घेतला आणि मग लिहिलं, "दोघींनी काढला." आवडाबाई आरती संपल्यासारखी ओट्यावरून उठली.

दुसऱ्या दिवशी गोदू आली. चार्जर लावला, मेसेज वाचला नि तडक भोप्यांच्या अंगणात.

"माझा फोन, माझा फोटो. मी न्हाय काढणार."

"फोन तुझा. तोंड कोणाचं?"

"आवडे, तुला एवढं लागलं? आपण शेणात पडलेल्या एकमेकींना बघितल्या हाव."

"तू बघितलंस. गावानं न्हाय. तू माझ्या बाजूला बसतंस म्हणून तुला ठावं. बाजूला बसणारीनं पदर धरायचा का ओढायचा?"

शेणाचा विषय तिथंच संपला. गोदूनं फोन काढला आणि फोटो उडवला. "हे बघ, गेला."

मृणालीनं तिच्या खांद्यावरून बघितलं. "मावशी, कचऱ्याच्या डब्यात बघा."

"कनच्या कचऱ्यात?"

"फोनातल्या. गॅलरीतून काढलं की तिथं जातं, महिनाभर पडून राहतं."

गोदूनं बघितलं. होता, कोंबड्यांच्या फोटोंच्या मधोमध. "अग बाय, मेलेलंपण जिवंत राहतं काय ह्याच्यात!" तिनं तोही काढला, आणि दोन कोंबड्याही त्याच्याबरोबर गेल्या. मग चहा झाला.

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तिसऱ्या प्रहरी मृणालीच्या फोनवर नारंगखारच्या कमलेशचा मेसेज आला. नारंगखार म्हणजे खाडीपलीकडचं गाव. कमलेशचं घर डंपर-ट्रकवालं, त्याच्या धाकट्या भावाचं लग्न आठवड्यावर, आणि धवला आवडाबाईचाच. मेसेजबरोबर बॅनरचं चित्र होतं.

आमच्याकडे बॅनर म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. वाढदिवस असो, लग्न असो, डंपरची पूजा असो, फाट्यावर बॅनर लागतो. गॉगलवाली पोरं, सोन्याच्या साखळ्यावाले दादा, मागं वाघ, कोपऱ्यात देव. फोटो कोणाचा घेतला ते कोणी विचारत नाही. कुठून तरी उचलायचा, मागची भिंत कापायची नि चिकटवायचा. ज्याचा आहे त्याला फाट्यावरच कळतं. बॅनरवर आल्याचा राग कोणी धरत नाही, उलट आपला फोटो लहान का, याचाच राग असतो.

कमलेशनं लिहिलं होतं, "वहिनी, काकींचं नाव बरोबर आहे ना बघ. त्यांना सांगू नको, सरप्राईज आहे. आज छापायला जातंय."

चित्रात मधोमध नवरानवरी. त्यांच्या वर, देवाच्या खालोखाल, सोनेरी गोलात आवडाबाई. खाली अक्षरं: "धवल्याचा मान: आवडाबाई बुधाजी भोपी." आणि गोलात तेच बोळकं. कवळी तेवढी कापलेली. हात मात्र तसाच, काहीतरी धरल्यासारखा.

मृणालीनं सांगू नको म्हटलेलं मोडलं आणि फोन सासूसमोर धरला. आवडाबाईनं फोन हातात घेतला. आधी नाव वाचलं, बोटानं, अक्षर अक्षर. खारपट्टीत बॅनरवर कधी धवलारीण आलेली कोणी बघितली नव्हती. पुढारी आले, पैलवान आले, बैलसुद्धा आले. धवलारीण नाही. तिच्या सासूला तर लग्नाच्या फोटोतही कोणी उभी केली नव्हती. आवडाबाईनं नावावरून परत एकदा बोट फिरवलं, आणि मग नजर वर गेली.

"ह्याला कोणी दिला?"

मृणालीनं विचारलं. कमलेशचं उत्तर आलं, "पूर्वीनं, माझ्या बायकोनं. ती तुमच्या ग्रुपवर आहे ना."

पूर्वी. आवडाबाई नाव आठवत राहिली. मृणालीनं सासूच्या फोनात ग्रुप उघडला, त्या नुसत्या नंबरावर, त्या गुलाबाच्या फुलावर बोट ठेवलं आणि कमलेशला विचारून घेतलं. नंबर पूर्वीचाच होता.

आवडाबाईनं फोन खाली ठेवला. ओट्यावर बुधाजी जाळीची गाठ मारत होता. त्यानं वर बघून विचारलं, "काय झालं?"

"देव राहिला," ती बोलली. "नाव घ्यायचं राहिलं. दारात बसलाय."

"फोन कर की त्या कमलेशला. सांग बदल म्हणून. पोरगा ऐकेल."

"कमलेशला कनाला? राहिलीय ती पूर्वी हाय."

तिनं लुगडं बदललं, पिशवीत नारळ घेतला, पान-सुपारी घेतली आणि फाट्यावरून रिक्षा धरली. मृणाली बरोबर निघाली तर तिला बोलली, "तू रहा. चूक तू न्हाय केलीस. तू विचारलं होतंस."

नारंगखारच्या त्या घरात मांडवाचे बांबू पडले होते. पूर्वी मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होती. म्हसळ्याकडची, आतल्या भातशेतीवाल्यांतली मुलगी, वर्षापूर्वी सून होऊन आलेली. आवडाबाईला दारात बघून ती उभी राहिली, पण चेहरा घट्ट.

"या, मावशी."

"पूर्वी तूच ना?"

"व्हय. आज कळलं का?"

आवडाबाईनं ते ऐकून घेतलं. सूप बाजूला सारून समोर बसली. पूर्वीच बोलायला लागली, सूप हातात घेऊन, त्यातले खडे निवडत. "हेमालीताईला मीच बोलले, मला ग्रुपवर घे, मला धवला शिकायचाय. कोणी नमस्कारपण केला न्हाय. मग तुमचा तो फोटो आला. तुम्ही हसत होतात. माझी आजी अशीच हसायची, बोळक्यानं. मला आवडला. ह्यांना बॅनरला तुमचा फोटो पायजे होता, मी तो दिला. रात्री तुमचा मेसेज आला. सगळ्यांची नावं, माझं न्हाय. म्हटलं, ह्यांच्यात मला धरत न्हायत. मग मला कशाला लागू?"

"वाचून तरी ह्यांना थांबवायचं होतंस."

"थांबवणार होते." तिनं एक खडा उचलून अंगणात फेकला. "नाव न्हाय बघितलं नि न्हाय थांबवलं."

आवडाबाईला राग यायला पाहिजे होता. आला नाही. तिला ती बरोबर वाटली. मांडवात नाव न घेतलेला देव असंच करतो, आणि त्यावर भांडून उपयोग नसतो.

तिनं नारळ काढून पूर्वीपुढं ठेवला, त्याच्या बाजूला पान, त्यावर सुपारी. हळदीच्या आमंत्रणाला ठेवतात तशीच.

"पूर्वी, नारंगखारची, म्हसळ्याच्या माहेरची. मी आवडा तुझ्या दारी आले. तुझं नाव राहिलं, ते माझ्या हातून राहिलं. माझा तो फोटो मना नको हाय. तुझ्याकडं असेल तो काढ, तुझ्या नवऱ्याकडं असेल तो काढायला लाव, बॅनरवाल्याकडं असेल तिथून काढ. कारण विचारलंस तर सांगते."

"विचारत न्हाय," पूर्वी बोलली. तरी तिची नजर आवडाबाईच्या दातांवर गेली आणि आवडाबाईनं ती बघितली.

"बघितलंस ना? मग ऐक. हे दात अलिबागचे हायत. मिश्रीचे न्हायत."

पूर्वीला हसू फुटलं. सूप खाली ठेवून तोंडावर हात घेऊन ती हसत राहिली. "मावशी, तुमच्या मिश्रीपायी माझ्या सासूबाई महिनाभर पेस्टला शिवल्या न्हायत!"

"त्यांचे दात बरे झाले ना? मग?"

पूर्वीनं पान-सुपारी उचलून पदरात घेतली. आमच्यात ती उचलली म्हणजे शब्द बांधला गेला. तिनं लगेच कमलेशला फोन लावला. तो पेणला बॅनरवाल्याच्या दुकानातच होता. पलीकडून त्याचा आवाज मोठ्यानं आला, "अगं आता? मशीन लावायला घेतलंय! फोटो मस्त आहे, नॅचरल आहे!"

"नॅचरल तुमचा लावा," पूर्वी बोलली. "झोपेतला हाय माझ्याकडं. घोरतानाचा. पाठवू?"

मग कमलेश बोलला, "नवीन पाठव. मी थांबवतो." वर पूर्वीनं त्याला बजावलं की जुना फोटो बॅनरवाल्याच्या कॉम्प्युटरमधूनही काढायचा, आणि काढताना स्वतः बाजूला उभं राहायचं.

"आता नवीन," पूर्वी आवडाबाईकडे वळली. "दात घालून का काढून? तोंड तुमचं."

"घालूनच. आणि मी सांगेपर्यंत कोणाला पाठवायचा न्हाय."

पडवीतला उजेड चांगला होता. पहिल्या फोटोत आवडाबाई घाबरलेली दिसली. नको. दुसऱ्यात मागं मोरी आली. नको. तिसऱ्यात हसली, पण ते फोटोच्या दुकानातलं हसू होतं. नको. प्रत्येक वेळी पूर्वी फोन तिच्या हातात द्यायची, ती बघायची, आणि नको म्हटलं की पूर्वी तो तिच्यासमोरच काढून टाकायची. शेवटी आवडाबाईनं पाटावर बसून तांदूळ पुढं ओढले, पदर डोक्यावर घेतला, हनुवटी वर केली आणि ओठ मिटले. देवाला हाक घालायच्या आधी क्षणभर ती जशी बसते, तशी. तो फोटो तिनं दोन बोटांनी मोठा करून बघितला.

"हा पाठव," ती बोलली. "ही मी हाय."

परतीच्या रिक्षात, खाडीच्या पुलावर, तिनं ग्रुप उघडला आणि एका बोटानं लिहिलं, "पूर्वी, नारंगखारची, आपल्यात हाय. त्या मेसेजात तिचं नाव राहिलं होतं. चूक माझी." पूर्वीचं लगेच आलं, "काढला." त्याखाली गोदूनं लिहिलं, "ये गो पूर्वी. नवीन लोकांना पहिली साडी मी निवडते." मग बाकीच्यांची रीघ लागली, एकेकीनं नमस्कार घातला. त्या दिवसापासून ग्रुपवर एक शिरस्ता पडला. कोणीतरी कोणाचा फोटो काढला की आधी जिचा तिला दाखवायचा. गोदूनंसुद्धा. गोदू त्यावरून कुरकुरते, पण दाखवते.

बॅनर फाट्यावर लागला तेव्हा वावेखारची निम्मी माणसं बघायला गेली. गॉगलवाल्या पोरांच्या वर, देवाच्या खालोखाल, आवडाबाई. ओठ मिटलेले, हनुवटी वर. बुधाजी कोणाला न सांगता दोनदा फाट्यावर जाऊन आला. तंबाखू आणायला गेलो होतो, बोलला. तंबाखू घरात होती.

हळदीच्या दिवशी मांडव भरला. डीजेवाला आपल्या डब्यांवर कोपर टेकून बसला होता, आणि कमलेशनं त्याला सांगितलं होतं, धवला संपेपर्यंत हात लावायचा नाही. आवडाबाई तांदळाच्या राशींपुढं बसली. उजवीकडे गोदू, डावीकडे हेमाली, हेमालीच्या मागं पूर्वी. आवडाबाईनं पदर तोंडावर घेतला. गोदूनं पदराचं टोक धरलं, तिच्या मांडीवरून, असं की कोणालाच काही दिसू नये. कवळी कनवटीला गेली.

मग आवाज निघाला. गणपती ये, गावदेवी ये, दर्या ये. शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यांनाही शब्द न शब्द कळत होता. देव झाले, मग घरातले मेलेले झाले, मग जिवंत. नवरदेवाची आई, काकी, आत्या. आणि सुनांमध्ये पहिलं नाव घेतलं ते पूर्वीचं, म्हसळ्याच्या माहेरासकट, तिच्या आजीसकट. आजीचं नाव आवडाबाईनं तिला आधीच विचारून घेतलं होतं. पूर्वीनं पहिल्यांदाच ओळ उचलली, जरा वरच्या पट्टीत, पण धरून ठेवली.

धवला संपला, कवळी परत जागेवर गेली, पदर खाली आला. नवरदेवाची म्हातारी आत्या पुढं सरकली आणि आवडाबाईच्या हनुवटीला हात लावून बोलली, "कवढा स्वच्छ शब्द गो तुझा. नि ह्या वयात हे दात! काय लावतंस तरी काय?"

गोदूनं आकाशाकडे बघितलं. हेमालीनं तांदूळ गोळा करायला घेतले. आवडाबाईनं तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, मांडवभर ऐकू जाईल असा.

"मिश्री," पूर्वी बोलली. "सकाळ-संध्याकाळ."